चार्जिंग पोर्ट ओला असल्याची सूचना आली तर काय करायचं: पाणी, घाम आणि मागे राहिलेलं मीठ

फोनला केबल लावली की चार्जिंग सुरू व्हायच्या ऐवजी स्क्रीनवर सूचना येते. आयफोनवर "Liquid Detected in USB-C Connector" असं लिहिलेलं दिसतं, जुन्या मॉडेलवर तिथे "Lightning Connector" असतं. सॅमसंगच्या फोनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं, आणि इतर कंपन्यांच्या फोनवरही अशाच अर्थाचा काहीतरी मजकूर येतो. बॅटरी नेमकी संपत आलेली असते. मग माणूस हातात सापडेल ते करतो: फुंकर मारतो, हेअर ड्रायर धरतो, फोन तांदळात पुरतो, केबल पुन्हा पुन्हा काढून लावतो. यातल्या बहुतेक गोष्टींनी नुकसानच होतं.

साधं पाणी पोर्टमध्ये गेलं असेल तर बहुतेक वेळा फक्त थांबावं लागतं. घामाचं तसं नाही. घाम वाळतो, पण त्यातलं मीठ आत राहतं, आणि पोर्ट कोरडा झाल्यासारखा वाटला तरी सूचना पुन्हा पुन्हा येत राहते. व्यायाम करणाऱ्या, उन्हात काम करणाऱ्या, फोन सतत खिशात ठेवणाऱ्या लोकांना हा त्रास जास्त होतो आणि नेमकं याबद्दलच कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्यावर आहे.

सूचना येते म्हणजे आत काय होतं

हे समजलं की पुढच्या पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात.

टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ पट्टी असते. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून २४ पिना असतात, एकमेकींना अगदी खेटून. फोन यातल्या काही पिनांवर अगदी क्षीण वीज सोडून तपासतो की दोन पिनांच्या मधून वीज वाहते आहे का. कोरड्या पोर्टमध्ये ती वाहायला नको. वाहत असेल तर फोन समजतो की मध्ये ओल आहे आणि चार्जिंगचा रस्ता बंद करतो.

फोनला पाणी दिसत नाही. दोन पिनांमधून वीज झिरपते आहे एवढंच त्याला कळतं. ती पाण्यातून झिरपते, घामातून झिरपते, ओलसर झालेल्या मिठाच्या थरातून झिरपते, किंवा खिशातल्या कापसाच्या गोळ्यात ओल धरून राहिली असेल तर त्यातूनही झिरपते. सूचना एकच, कारणं अनेक.

अशा वेळी चार्जर लावून वीज सोडली तर पिनांवर विद्युत-अपघटन सुरू होतं, म्हणजे विजेमुळे धातू विरघळून झिजू लागतो. आधी वरचा सोन्याचा पातळ मुलामा जातो, मग खालचा धातू काळा किंवा हिरवा पडतो. साध्या पाण्यात हे सावकाश होतं, खारट पाण्यात झपाट्याने. पोर्ट काही थेंबभर पाण्याने बिघडत नाही, त्या थेंबातून वीज वाहिली की बिघडतो. सूचना म्हणजे फोनमधला बिघाड नव्हे, बिघाड होऊ नये म्हणून फोनने केलेली अडवणूक आहे.

जवळ काय असावं

- कोरडं, धागे न सुटणारं मऊ कापड (चष्म्याचं चालेल)
- दुसरा फोन किंवा छोटी टॉर्च, पोर्टच्या आत बघण्यासाठी
- एक नक्की कोरडी आणि चालू असलेली दुसरी केबल
- पंखा
- फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर त्याचा चार्जर

यापेक्षा जास्त काही लागत नाही.

१. केबल काढा, दोन्ही टोकांनी

आधी फोनमधून केबल काढा, मग अॅडॉप्टर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा. फोनला कव्हर असेल तर तेही काढा, कारण घाम कव्हर आणि फोनच्या मध्ये साचतो आणि फोन उभा धरला की तिथून पोर्टपाशी उतरतो. बाहेरून फोन पुसून घ्या.

मग केबलचं टोक बघा. अनेकदा पोर्ट जवळजवळ कोरडा असतो आणि ओल केबलच्या टोकात असते. जिमच्या बॅगेत ओल्या टॉवेलशेजारी पडलेली किंवा बेसिनजवळ ठेवलेली केबल हे नेहमीचं उदाहरण. टोकातल्या धातूवर काळा किंवा हिरवट डाग दिसला तर ती केबल पुन्हा वापरू नका, पुसूनही नाही. खराब झालेली पिन चांगल्या पोर्टलाही खराब करते.

२. पाणी बाहेर काढा, आत ढकलू नका

पोर्ट खाली करून फोन एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा. जोरात झटकायची गरज नाही. थेंब बाहेर येईल तो कापडाने टिपा, पण कापड आत कोंबू नका.

आता न करण्याच्या गोष्टी, कारणांसकट.

फुंकर मारू नका, दाबाची हवा मारू नका. दोन्हींनी थेंब अजून आत सरकतो, आणि फुंकरीत तोंडाची वाफही असते. हेअर ड्रायर, इस्त्री, गाडीचा डॅशबोर्ड, कडक ऊन हे सगळं टाळा. या उष्णतेने पोर्टभोवतीचं सील आणि चिकट पट्ट्या सैल होतात, बॅटरीलाही ती सोसत नाही. कापसाची काडी किंवा टिश्यू आत घातला तर धागे मागे राहतात आणि नंतर तेच ओल धरतात. तांदळाचा उपाय तर सोडूनच द्या. तांदूळ पोर्टमधली ओल खेचून घेत नाही, उलट त्याचे बारीक कण आणि पिठूळ पोर्टमध्ये जातं. अॅपलने आपल्या मदतपानावर तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलं आहे.

३. किमान अर्धा तास, लागला तर पूर्ण दिवस

फोन अशा जागी ठेवा जिथे हवा खेळती असेल आणि पोर्टवरून पंख्याचा वारा जाईल. फोन आडवा ठेवला तरी चालतं, फक्त पोर्टचं तोंड कापडात किंवा उशीत दबलेलं नको. वाळवण्याचं खरं काम वाऱ्याचं आहे, उष्णतेचं नाही.

निदान ३० मिनिटांनी कोरडी केबल लावून बघा. सूचना पुन्हा आली तर लगेच काढा आणि अजून थांबा. पोर्ट पूर्ण वाळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. अरुंद फटीत, पिनांच्या खाली धरून राहिलेलं पाणी हट्टी असतं, आणि हवेत दमटपणा असेल तर ते आणखी सावकाश जातं. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी केबल लावून बघण्याचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक वेळी टोक आत घासलं जातं आणि ओल पसरते.

४. बॅटरी संपत आली असेल तर

फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर प्रश्नच मिटला. पाठ कोरडी पुसा आणि पॅडवर ठेवा. त्या चार्जिंगचा पोर्टशी काही संबंध नाही, त्यामुळे सूचना असली तरी ते चालतं.

सोय नसेल तर बॅटरी बचतीचा पर्याय चालू करा, विमान मोड लावा, स्क्रीनचा उजेड कमी करा. ज्या नंबरची किंवा तिकिटाची गरज लागणार आहे ते कागदावर उतरवून घ्या आणि फोन बंद करून ठेवा.

आयफोनवर "Emergency Override" असा पर्याय दिसतो. त्याचा अर्थ "सूचना चुकीची आहे" असा नाही. पोर्ट ओला आहे हे मान्य करून तरीही वीज सोडा, असा त्याचा अर्थ. कुणाचा जीव अडचणीत आहे आणि फोन करायलाच हवा, अशा वेळेसाठी तो आहे. सकाळचा गजर लावण्यासाठी नाही.

तसाच दुसरा सापळा म्हणजे फोन बंद करून चार्जिंगला लावणं. काही फोनवर बंद अवस्थेत ही तपासणी चालत नाही आणि चार्जिंग सुरू होतं. लोकांना वाटतं युक्ती सापडली. प्रत्यक्षात पहारेकऱ्याला झोपवून दार उघडलेलं असतं. पोर्ट कोरडा आहे याची खात्री असेल, तरच हे करून बघा.

५. चोवीस तास झाले, तरी सूचना जात नाही

इथे बहुतेक लोक गोंधळतात. तीन शक्यता एकेक करून तपासायच्या, स्वस्त आधी.

पहिली, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी नोंद अडकली आहे. केबल आणि अॅडॉप्टर पूर्ण वेगळे करा, फोन बंद करून चालू करा, मग दुसरी केबल आणि दुसरा अॅडॉप्टर लावून बघा. सॅमसंगच्या फोनवर आणखी एक गोष्ट करता येते. Settings मध्ये Apps उघडा, वरच्या क्रमवारीच्या चिन्हातून Show system apps चालू करा, यादीत USBSettings शोधा आणि Storage मध्ये जाऊन Clear cache दाबा. मग फोन पुन्हा सुरू करा. यात तुमचा काही डेटा जात नाही.

दुसरी, पोर्टमध्ये कचरा आहे. टॉर्च तिरकी धरून आत बघा. खिशातले धागे दाबून दाबून तळाशी राखाडी थर झालेला दिसतो. केबल पूर्ण आत बसत नसेल, थोडी बाहेर राहत असेल, तर हेच कारण समजा. हा थर घाम धरून ठेवतो. फोन बंद आणि पोर्ट कोरडा असताना लाकडी किंवा प्लॅस्टिकची बारीक काडी कडेकडेने फिरवून तो सैल करता येतो. मधल्या पट्टीला धक्का लागू द्यायचा नाही आणि टाचणी, सुई, सिमची पिन असलं धातूचं काही वापरायचं नाही. हात थरथरत असेल किंवा फोन महाग असेल तर हे दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, त्याला दोन मिनिटं लागतात. अॅपल तर पोर्टमध्ये काहीही घालू नका असंच सांगते.

तिसरी शक्यता मिठाची.

६. मीठ आहे हे कसं ओळखायचं

माझ्या भावाच्या फोनचं उदाहरण सांगते, कारण त्यात सगळे टप्पे नीट दिसतात. तो दंडाला पट्टी बांधून त्यात फोन ठेवून धावतो. फोन उलटा, म्हणजे पोर्ट वरच्या बाजूला, कारण हेडफोनची वायर तशी सोयीची पडायची. खांद्यावरून ओघळणारा घाम सरळ पोर्टमध्ये. एका संध्याकाळी धावून आल्यावर सूचना आली. त्याने केबल काढली, फोन तळव्यावर आपटला, पंख्याखाली ठेवला. अर्ध्या तासाने सूचना पुन्हा आली. रात्रभर फोन तसाच ठेवला. सकाळी चार्जिंग व्यवस्थित सुरू झालं आणि आम्हाला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी पाऊस पडून हवा दमट झाली आणि सूचना परत आली. त्या दिवशी तो धावायला गेलाच नव्हता, फोन टेबलावरच होता. दुपारी पंख्याच्या वाऱ्यात राहिला की सूचना जायची, संध्याकाळी परत यायची. केबल बदलली, फोन पुन्हा सुरू केला, काही फरक नाही. टॉर्च लावून बघितलं तर मधल्या पट्टीच्या मुळाशी पांढरट, बारीक खडे जमलेले दिसले, तांदळाच्या पेजेचा डाग वाळल्यावर दिसतो तसे.

खूण हीच. पाणी एकदा वाळलं की परत येत नाही. मीठ मात्र हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून दमट हवेत पोर्ट पुन्हा ओला ठरतो आणि कोरड्या हवेत बरा होतो. फोन पाण्याजवळही गेलेला नसताना सूचना येत-जात असेल तर मिठाचा संशय घ्या. समुद्राचं पाणी, सरबत, सूप, डिटर्जंटचं पाणी सांडलं असेल तरी हेच होतं. साखरेचं पेय असेल तर वर चिकटपणाही राहतो.

अशा फोनला आणखी वाळवत बसण्यात अर्थ नाही. मीठ वाळून जात नाही, ते धुवूनच जातं.

७. मीठ काढणं: कोणत्या फोनला पाणी चालतं, कोणत्या नाही

हा टप्पा करण्याआधी फोनची माहिती काढा. त्याला धूळ-पाणी रोखण्याचं आयपी६७ किंवा आयपी६८ मानांकन आहे का? असेल तर पुढचे प्रश्नही विचारा. फोन कधी उघडून दुरुस्त झाला आहे का? काच तडकलेली आहे का? मागचं झाकण कुठे उचललेलं दिसतं का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर मानांकन कागदावरच राहिलं असं समजा. फोन जुना होत जातो तसं सीलही कमकुवत होत जातं.

मानांकन असलेला, न उघडलेला, धडधाकट फोन असेल तर बंद करा, सिमचा ट्रे नीट बसला आहे ना ते बघा, आणि पोर्टचा भाग नळाच्या साध्या, कोमट नसलेल्या पाण्याच्या बारीक धारेखाली थोडा वेळ धरा. धार जोरात नको, साबण नको, बोटाने घासणं नको. साध्या पाण्याखेरीज दुसरं काही सांडलं तर फोन साध्या पाण्याने धुवा, असं अॅपल आणि सॅमसंग दोघंही सांगतात. नंतर पायरी २ आणि ३ पुन्हा, आणि या वेळी अर्ध्या तासाचा विचारच करू नका, सरळ पूर्ण दिवस थांबा.

भावाचा फोन आयपी६८ होता, कधी उघडलेला नव्हता. धुवून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवल्यावर पांढरा थर गेला आणि दमट संध्याकाळीही सूचना आली नाही.

मानांकन नसलेल्या फोनला नळाखाली धरू नका. त्याच्या पोर्टमधून पाणी थेट आतल्या बोर्डापर्यंत जाऊ शकतं. तो दुरुस्तीच्या दुकानात न्या आणि पोर्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून द्यायला सांगा. ते मळ उचलतं आणि पटकन उडून जातं. घरच्या घरी सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ मिसळलेले असतात.

आयपी६८ बद्दल एक गैरसमज इथेच दूर करते. ही चाचणी साध्या पाण्यात होते, घामात किंवा समुद्राच्या पाण्यात नाही. आणि ती फोनच्या आत पाणी शिरू नये याची असते. पोर्टचं तोंड उघडंच असतं, त्यात पाणी भरतंच. त्यामुळे पाणीरोधक फोनवरही ही सूचना येणं अगदी स्वाभाविक आहे.

८. कधी थांबायचं नाही, सरळ दुरुस्तीला न्यायचं

ओल पोर्टपुरती नाही हे सांगणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. कॅमेऱ्याच्या काचेआड वाफ दिसते, स्पीकरचा आवाज दबलेला येतो, स्क्रीनवर डाग पसरतो, फोन वापरत नसतानाही गरम लागतो किंवा पाठ फुगलेली वाटते. यातलं काहीही दिसलं तर फोन बंद करा, वायरलेस चार्जिंगही करू नका आणि त्याच दिवशी न्या. फोन फुगला किंवा तापला असेल तर उशाशी ठेवून झोपू नका.

पोर्टमध्ये हिरवा किंवा काळा डाग दिसत असेल, केबल एका बाजूने लावली तरच चार्ज होत असेल, किंवा धुवून-वाळवूनही सूचना जात नसेल, तर पिना झिजल्या आहेत. तिथे पोर्ट बदलावाच लागतो.

बिघाड पोर्टपुरताच असेल तर जाण्याआधी वायफायवरून सगळ्या फोटोंचा आणि फाइलींचा बॅकअप घ्या. सोबत फोनचं बिल, वॉरंटी किंवा विमा असेल तर त्याची कागदपत्रं आणि तुम्ही वापरत असलेली केबल घेऊन जा. केबल बघितल्यावर दुरुस्ती करणाऱ्याला बरंच कळतं. काय सांडलं, कधी सांडलं, त्यानंतर चार्जर लावला होता का, हे खरं सांगा. आतमध्ये ओल लागल्यावर लाल होणारी पट्टी बहुतेक फोनमध्ये असते, त्यामुळे लपवून उपयोग नाही, आणि साध्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा धरत नाहीत.

एक प्रश्न आवर्जून विचारा: या मॉडेलचा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की मुख्य बोर्डावरच झाळलेला आहे? वेगळ्या बोर्डावर असेल तर तो तुकडा बदलून काम होतं. मुख्य बोर्डावर असेल तर काम नाजूक आणि महाग होतं, आणि मग फक्त साफ करून किती दिवस चालेल हेही विचारायला हवं. फोन उघडल्यावर सील पुन्हा बसवणार का, हे सुद्धा तिथेच विचारून घ्या.

९. पुन्हा होऊ नये म्हणून

व्यायामाला जाताना फोन असा ठेवा की पोर्ट खाली असेल आणि अंगाला लागणार नाही. आल्यावर फोन आणि कव्हर पुसा, आणि चार्जर लावायला थोडा वेळ जाऊ द्या. पोर्टला लावायची रबरी बुचं मिळतात. ती धूळ अडवतात, पण घामाने भिजलेल्या पोर्टवर लावली तर ओल आतच कोंडते, म्हणून पोर्ट कोरडा असेल तेव्हाच लावा.

आणि खिशात पॉवर बँक, त्याला फोन जोडलेला आणि तसंच धावणं किंवा उन्हात काम करणं, हे मात्र पूर्ण बंद करा. चार्जिंग आधीच सुरू असताना घाम केबलच्या वायरवरून ओघळत टोकापर्यंत पोहोचतो, आणि फोनने अडवेपर्यंत खारट पाण्यातून वीज वाहिलेली असते. पिना काळ्या पडलेल्या फोनचे मालक बहुतेक वेळा हीच सवय सांगतात.